20 मिनिटांत प्रत्येक गाव: रुग्णवाहिकेच्या गाड्या कुठे उभ्या करायच्या?

आसावरी_नकाशा

नमस्कार मंडळी. आमच्या डोंगरी तालुक्यात आरोग्याचं काम करणाऱ्या एका गटासाठी मी नकाशे करते. रुग्णवाहिका कुठे ठेवाव्यात याचा प्रस्ताव द्यायचा आहे आणि अट सरळ आहे: फोन केल्यापासून 20 मिनिटांत गाडी प्रत्येक गावात पोहोचली पाहिजे. कमीत कमी किती गाड्या लागतील आणि कुठे? हा सेट कव्हरिंगचा प्रश्न आहे एवढं कळलंय, पुढचं तुमच्याकडून हवं आहे. प्रस्ताव अजून मंजूर नाही, त्यामुळे गावांची नावं न देता अक्षरं देते.

गावं नऊ: क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट. क हे तालुक्याचं गाव. ख आणि छ इथे गाडी उभी करण्याजोगी इमारत नाही, बाकी सातही ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपकेंद्र आहे. गाडीने लागणारी मिनिटं अशी:

क पासून: ख 6, ग 11, च 12, छ 15
ग पासून: ख 9, घ 13
च पासून: छ 8, ज 14
ज पासून: छ 13
झ पासून: ट 10, छ 15

जायला आणि यायला सारखाच वेळ धरला आहे. ज्या जोड्या लिहिलेल्या नाहीत त्या सगळ्या 15 च्या वर आहेत. फोन घेऊन गाडी हलेपर्यंत 5 मिनिटं धरली, म्हणून प्रवासाला 15 उरतात.

कोडकरी

एवढ्या छोट्या प्रश्नाला सॉल्व्हर कशाला? ज्या ठिकाणाहून सगळ्यात जास्त गावं गाठता येतात ते आधी घ्या. मग उरलेल्यांपैकी जास्तीत जास्त गाठणारं, मग पुढचं. क वरून क, ख, ग, च, छ अशी पाच गावं होतात. झ वरून झ आणि ट. घ साठी ग, ज साठी च. झालं, चार गाड्या. शिवाय एक गाडी तालुक्याच्या गावीच राहते, लोकही खूश.

माधव_प

कोडकरी, तुमची रीत वाईट नाही. ती किती चुकू शकते याला सिद्ध झालेली मर्यादा आहे. इथे सगळ्यात मोठ्या ठिकाणाखाली पाच गावं येतात, म्हणून उत्तर कमीत कमी संख्येच्या 1 + 1/2 + 1/3 + 1/4 + 1/5, म्हणजे साधारण 2.28 पटीपुढे जाणार नाही. पण एका रुग्णवाहिकेला तीन पाळ्यांचे पायलट, म्हणजे चालक, आणि डॉक्टर लागतात, तिथे एक गाडी जादा सांगणं परवडत नाही. आणि इथे 15 मिनिटांत तीन गाड्यांचं उत्तर आहे.

ते कागदावरही निघतं. मोठ्या गावापासून सुरुवात करू नका, अडचणीच्या गावापासून करा. घ ला कोण पोहोचतं? फक्त ग आणि घ. घ वरून ग आणि घ एवढीच दोन गावं होतात, ग वरून ती दोन्ही आणि वर क, ख. मग घ ला गाडी ठेवायचं कारणच उरत नाही, ते ठिकाण खोडा. आता घ गावासाठी ग हे एकच ठिकाण उरलं, म्हणजे ग घ्यावंच लागेल. हाच विचार ज साठी करा. ज वरून च, छ, ज होतात, च वरून ती तिन्ही आणि वर क. म्हणून ज खोडा, च पक्कं. तसंच ट खोडून झ पक्कं, कारण झ वरून झ, ट आणि शिवाय छ ही होतं.

ग, च, झ. नऊही गावं झाली आणि क मध्ये गाडीच नाही.

1971 मध्ये टोरेगास, स्वेन, रेव्हेल आणि बर्गमन या चौघांनी तातडीच्या सेवांच्या जागांसाठी हे प्रारूप मांडलं. खोडाखोडीची ही युक्ती तेव्हापासूनच कामात येते आहे. मोठ्या जिल्ह्याच्या आकड्यांवरही अर्ध्याहून जास्त ठिकाणं अशी उडताना मी पाहिले आहेत.

ज्योती_मावशी

मला गणितातलं कळत नाही, पण आमच्या सासऱ्यांच्या वेळी गाडी वेळेत आली होती हो. तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला दीड तास लागला. तुम्ही लोक गाडी गावात पोहोचली की जिंकलो असं धरताय का? खरं तर दवाखाना कुठे बांधायचा ते ठरवा आधी.

आसावरी_नकाशा

मावशी, दवाखान्याचा प्रश्न खरा आहे, पण तो आमच्या प्रस्तावाच्या हातात नाही. तरी तुमचा दीड तास मी लिहून ठेवते.

माधवसर, तीन गाड्यांचं उत्तर सुंदर आहे, पण क ला गाडी नाही हे बैठकीत कसं मांडू? अर्ध्याच्या आसपास फोन क मधूनच येतात.

माधव_प

ही अडचण या प्रारूपाच्या स्वभावातच आहे. त्याला 2 मिनिटं आणि 14 मिनिटं यांतला फरक कळत नाही. मर्यादेच्या आत आहे की बाहेर, एवढंच ते विचारतं. क ला ग वरून 11 आणि च वरून 12 मिनिटांत गाडी येते, म्हणून त्याच्या दृष्टीने क चं काम झालं. गाव किती मोठं, फोन किती, याचा अटीत कुठेच उल्लेख नाही. नऊ घरांची वाडी आणि तालुक्याचं गाव, दोघांना एकच ओळ.

माझ्या मते या अटीत न्याय आहे. सरासरी वेळ कमी करणारं प्रारूप घेतलंत तर ते गाड्या क कडे ओढेल आणि ट ला वाऱ्यावर सोडेल. पण ‘कमीत कमी गाड्या’ हे उत्तराचं पहिलं पाऊल समजा. तेवढ्याच गाड्यांची दुसरीही मांडणी बहुधा असते, आणि त्यातून निवडायचं ते फोनांचा भार पाहून.

स्टेअरिंग_साताऱ्याकडचा

मी रुग्णवाहिका चालवतो. तुमच्या 5 मिनिटांवर बोलू द्या.

फोन येतो, पत्ता मिळतो तो ‘शाळेजवळ’ असा. त्या नावाच्या दोन वाड्या असतात, परत फोन लावावा लागतो आणि घाटात रेंज नसते. रात्री झोपेतून उठून, ऑक्सिजन बघून, गाडी गेटबाहेर काढेपर्यंत 5 मिनिटं हातातून गेलेली असतात. त्यात पत्त्याची विचारपूस धरलेलीच नाही. शिवाय गुगलच्या वेळा कारच्या असतात. रुग्णवाहिका घाटात चढताना कारसारखी चढत नाही. आणि तुम्ही गावाचा ठिपका कुठे धरलाय? फाट्यावर की वस्तीवर? फाट्यापासून वस्ती आत असली की तिथे आणखी 3-4 मिनिटं जातात.

माझं ऐकाल तर 7 मिनिटं धरा. प्रवासाला 13.

आसावरी_नकाशा

दादा, हे फार उपयोगी आहे. वेळा कारमधून जाऊन मोजलेल्या आहेत आणि ठिपके वस्तीवरच आहेत, पण फोनची 5 मिनिटं ही नुसती बैठकीत ठरलेली होती. 13 घेऊन पुन्हा मांडते.

च वरून ज 14, म्हणजे तुटलं. क वरून छ आणि झ वरून छ 15, ती दोन्ही तुटली. ग वरून घ बरोबर 13, टिकलं. आता ज ला ज शिवाय कोणीच पोहोचत नाही. म्हणजे ज पक्कं, झ किंवा ट पैकी एक पक्कं, ग किंवा घ पैकी एक हवं, आणि च गाव उरतं त्याला क किंवा च. माझ्या हिशोबाने चार गाड्या. बरोबर आहे का?

माधव_प

बरोबर. आणि 15 चे 13 केल्यावर एक अख्खी गाडी वाढली हे प्रस्तावात ठळक लिहा. या प्रारूपाचं उत्तर हळूहळू बदलत नाही, उडी मारतं. म्हणून एकाच मर्यादेवर सोडवून कधी थांबू नये. 11, 12, 13, 14, 15 अशा सगळ्या मर्यादांवर सोडवा आणि गाड्यांची संख्या कुठे उडी मारते ते पाहा. इथली उडी एका रस्त्यावर आहे, च ते ज. तो रस्ता एका मिनिटाने सुधारला तर काय होतं, हे समितीला सांगण्याजोगं आहे.

आता निवडीचं. 13 मिनिटांत चार गाड्यांच्या तीन मांडण्या होतात: ग, ज, क; ग, ज, च; घ, ज, क; आणि प्रत्येकीत झ किंवा ट. घ आणि च एकत्र चालत नाहीत, ख सुटतं. त्यातली कुठली निवडावी, तर जिच्यात जास्त गावांना दुसऱ्या गाडीचाही आधार मिळतो ती. पहिलीत क, ख, ग या तीन गावांना दुहेरी आधार आहे. दुसरीत क आणि छ, दोनच. तिसरीत फक्त ग. म्हणजे पहिली घ्या, आणि त्यात तालुक्याच्या गावी गाडी आपोआप येते. बैठकीत मांडायची तुमची अडचणही सुटली.

आधी संख्या कमी करायची आणि बरोबरी झाली तर दुहेरी आधार वाढवायचा, ही मांडणी डास्किन आणि स्टर्न यांची, 1981 मधली. सॉल्व्हरला हे एकाच उद्दिष्टात सांगता येतं:

```python
from pulp import *
villages = ["ka","kha","ga","gha","cha","chha","ja","jha","ta"]
cover = {"ka":["ka","kha","ga","cha"], "ga":["ka","kha","ga","gha"],
         "gha":["ga","gha"], "cha":["ka","cha","chha"],
         "ja":["chha","ja"], "jha":["jha","ta"], "ta":["jha","ta"]}
p = LpProblem("gadya", LpMinimize)
x = {j: LpVariable("x_"+j, cat="Binary") for j in cover}
s = {i: LpVariable("s_"+i, 0, 1) for i in villages}
p += 100*lpSum(x.values()) - lpSum(s.values())
for i in villages:
    p += lpSum(x[j] for j in cover if i in cover[j]) - s[i] >= 1
p.solve()
print(LpStatus[p.status], [j for j in cover if x[j].value() > 0.5])
```

100 हा आकडा गावांच्या संख्येपेक्षा मोठा आहे, म्हणून आधाराच्या लोभाने कोड एकही गाडी वाढवणार नाही. आणि `villages` ची यादी मी मुद्दाम वेगळी लिहिली आहे. ती `cover` मधून काढलीत, तर ज्या गावाला कुठूनच पोहोचता येत नाही ते यादीतूनच गायब होतं आणि उत्तर छान दिसतं. वेगळी यादी असेल तर सॉल्व्हर `Infeasible` म्हणतो आणि तुम्हाला शोधावं लागतं की कोण सुटलं.

एक सावधगिरी: दुहेरी आधार मोजायचा असेल तर आधी केलेली खोडाखोडी करू नका. खोडलेलं ठिकाण संख्येसाठी निरुपयोगी असतं, बरोबरी सोडवताना उपयोगी पडू शकतं.

ऑस्टिनवाला_अमेय

मी टेक्सासमध्ये ऑस्टिनला असतो. 1980 च्या दशकात याच शहराच्या रुग्णवाहिकांच्या जागा ठरवताना डास्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केलं होतं. तिथे मात्र सगळं शहर झाकण्याचा हट्ट सोडला होता. इतक्या गाड्यांत जास्तीत जास्त मागणी किती झाकता येते असा उलटा प्रश्न घेतला होता, जो चर्च आणि रेव्हेल यांनी 1974 मध्ये मांडला होता. आसावरी, तुमच्याकडे पैसे तीनच गाड्यांचे असतील तर?

कोडकरी

तेच म्हणणार होतो. समिती चार गाड्या देणार नाही. तीन गाड्यांत 95 टक्के लोक झाकले की पुरे. सगळ्यांना झाकायचा आग्रह धरला की शेवटच्या दोन वाड्यांसाठी एक गाडी जाते.

आसावरी_नकाशा

अमेय, कोडकरी, तो आकडा मी परिशिष्टात देईन, पण मुख्य प्रस्तावात नाही. झ आणि ट इथली लोकसंख्या मिळूनही क च्या एका प्रभागाएवढी होत नाही. मागणी झाकायची म्हटलं की सुटणारी गावं प्रत्येक वेळी तीच असतील. आमच्या गटाने 20 मिनिटांची अट धरली ती त्यांच्यासाठीच.

कोडकरी

मग ती अट कागदावरच राहील असं मला वाटतं. असो.

माधव_प

कागदावरचीच गोष्ट निघाली तर मावशींच्या दीड तासाकडे येऊ. त्याला प्रारूपात जागा आहे, फक्त वेगळ्या ठिकाणी. गाडी गावात पोहोचायला 15-20 मिनिटं, तिथे 15, दवाखान्यापर्यंत दीड तास, मग रुग्ण ताब्यात देऊन परत निघणं. एका फोनमागे अडीच तास कमीच धरले. दिवसाला एका गाडीला चार फोन आले तर 24 पैकी 10 तास गाडी बाहेर. म्हणजे कुठल्याही क्षणी ती जागेवर असण्याची शक्यता 58 टक्के.

ज्या गावाला एकाच गाडीचा आधार आहे, तिथे ‘20 मिनिटांत पोहोच’ हे वाक्य दहापैकी सहा वेळाच खरं ठरतं. दोन गाड्यांचा आधार असेल तर दोन्ही एकाच वेळी बाहेर असण्याची शक्यता 0.417 गुणिले 0.417, म्हणजे सुमारे 17 टक्के, म्हणून 83 टक्के वेळा गाडी मिळते. 1983 मध्ये डास्किन यांनी या विचारावर पुढचं प्रारूप बांधलं. त्यात एक गृहीतक ढिलं आहे: गाड्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे बाहेर असतात. प्रत्यक्षात ग ची गाडी गेली की क च्या गाडीवर भार येतो, म्हणून 83 हा जरा आशावादी आकडा समजा.

मावशी, दवाखाना जवळ आला तर गाड्या लवकर मोकळ्या होतात आणि तेवढ्याच गाड्यांत पोहोच सुधारते. तुमचा मुद्दा या हिशोबात असा येतो.

ज्योती_मावशी

हे पटलं. हे वाक्य प्रस्तावात घाला.

स्टेअरिंग_साताऱ्याकडचा

सगळं ठीक, पण ही कुठल्या महिन्याची गावं आहेत? ज कडे जाताना मध्ये फरशीचा पूल असेल तर जुलैत पाणी वरून जातं. मग च ते ज आणि ज ते छ दोन्ही बंद. आसावरीताई, आहे का फरशी?

आसावरी_नकाशा

आहे दादा. ज च्या अलीकडेच आहे आणि दोन्ही रस्ते तिच्यावरूनच जातात. मोठा पाऊस असला की पाण्याखाली जाते.

म्हणजे तेव्हा ज ची गाडी फक्त ज लाच. मांडणी क, ग, ज, झ ही ठरवली होती, तर छ ला कोण? क वरून 15 लागतात, 13 मध्ये बसत नाही. झ वरूनही 15. छ उघडं पडतं!

माधव_प

आणि क च्या जागी च घेतलं तर? च वरून छ 8 मिनिटं. क ला ग आणि च दोन्ही पोहोचतात, ख आणि ग ला ग आहे. ग, ज, च, झ: पाणी चढलं तरी नऊही गावं 13 च्या आत.

म्हणजे उन्हाळ्याचं चांगलं उत्तर क आणि पावसाळ्याचं च, बाकी तीन गाड्या जागच्या जागी. दोन्ही ऋतूंच्या अटी एकाच वेळी घालून सोडवलंत तर च हेच निघेल, कारण ते दोन्हीकडे चालतं. फक्त उन्हाळ्यात दुहेरी आधाराचं एक गाव कमी होतं आणि तालुक्याचं गाव गाडीविना राहतं. किंवा गाडी जून ते सप्टेंबर च ला आणि उरलेले महिने क ला ठेवायची. गणिताला दोन्ही मान्य आहे.

स्टेअरिंग_साताऱ्याकडचा

गाडी हलवणं सोपं. पायलट आणि डॉक्टर च ला चार महिने राहणार कुठे? उपकेंद्रात रात्री झोपायला खोली आणि संडास आहे का ते आधी बघा. खोली नसली की गाडी कागदावर च ला आणि रात्री क ला उभी असते, हे मी पाहिलेलं आहे. आणि ज च्या गाडीतून पेशंट पाण्यापलीकडे कसा न्यायचा ते अजून कोणी बोललंच नाही.

माधव_प

ज ची गाडी पाणी चढल्यावर पोहोचते, पण नेऊ शकत नाही, हे बरोबर आहे. पोहोचण्याच्या प्रारूपात त्याला उत्तर नाही. तिथे गाडीत काय उपचार करता येतात तेवढीच मदत.

आसावरी_नकाशा

च च्या उपकेंद्रात खोली आहे, पण तिथे सध्या औषधांची खोकी ठेवतात. पुढच्या आठवड्यात जाऊन पाहते. ट च्या चढावर रुग्णवाहिकेने किती वेळ लागतो तेही दादांच्या सल्ल्याप्रमाणे कारऐवजी गाडीतूनच पुन्हा मोजायचं आहे. झ वरून ट 10 चे 14 झाले तर ट ला स्वतःची गाडी लागेल आणि चाराच्या पाच होतील. मोजून झालं की आकडे इथेच टाकते.